कान कुठे लावायचा, हे सांगणारा आकडा

दीड तासाच्या मुलाखतीतून मिनिटभराचे चार-पाच तुकडे काढायचे, हे काम पूर्वी ऐकूनच व्हायचं. एडिटर हेडफोन लावून बसायचा, वहीत टाइमकोड आणि पुढे दोन शब्द लिहायचा आणि दुसऱ्यांदा ऐकताना त्यातल्या निम्म्यांवर काट मारायचा. आता रेकॉर्डिंग आधी संगणकाला दिलं जातं. तो बोललेलं लिहून काढतो, चहा होईपर्यंत तीसेक पानं हातात येतात आणि एडिटर ती वाचत हायलाइटर फिरवतो. वाचणं हे ऐकण्यापेक्षा कितीतरी वेगात होतं, त्यामुळे ही पद्धत मागे जाणार नाही, हे उघड आहे. प्रश्न एवढाच, की त्या तीस पानांतल्या कुठल्या पानांवर विश्वास ठेवायचा?

चुकलेल्या ट्रान्सक्रिप्टमुळे दोन प्रकारचं नुकसान होतं. कागदावर झकास दिसणारं वाक्य माणूस प्रत्यक्षात बोललेलाच नसतो, हा पहिला प्रकार. तो लवकर उघडा पडतो, कारण तुकडा कापायला घेतला की एडिटर तो ऐकतोच. दुसरा प्रकार मात्र कुणाच्या ध्यानातही येत नाही. माणूस फार चांगलं बोललेला असतो, कागदावर त्याचा पार चुथडा झालेला असतो, वाचणाऱ्याची नजर त्यावरून सरकते आणि तो तुकडा कायमचा राहून जातो. यात वाईट भाग असा, की हे चांगल्या तुकड्यांच्याच बाबतीत जास्त घडतं. गळा दाटून आला की आवाज खाली जातो. हसता हसता बोललं की शब्द तुटतात. चिडलेला माणूस दुसऱ्याचं वाक्य तोडतो आणि आठवणीत शिरलेला माणूस प्रमाण मराठी सोडून गावच्या बोलीत उतरतो. क्लिप म्हणून हेच क्षण हवे असतात आणि संगणकाचा कान इथेच हमखास चुकतो.

हे पट्टे शोधायला एक साधन ट्रान्सक्रिप्टसोबतच मिळतं, पण बहुतेक जण ते उघडून पाहत नाहीत. लिहिलेल्या प्रत्येक शब्दामागे संगणकाने स्वतःच्या खात्रीचा एक आकडा नोंदवून ठेवलेला असतो, ० ते १ च्या दरम्यानचा. इंग्रजी नावाने त्याला कॉन्फिडन्स स्कोअर म्हणतात. आपण खात्रीचा आकडा म्हणू. वर्ड फाइल किंवा सबटायटलची फाइल मागवली तर तो आकडा गळून जातो. पूर्ण नोंद मागवली तरच दिसतो.

उदाहरणासाठी ओपनएआय कंपनीची व्हिस्पर ही प्रणाली घेऊ. सप्टेंबर २०२२ मध्ये ती मोफत खुली झाली, आपल्याच संगणकावर चालते, तिला मराठी येतं आणि तिच्या पोटात काय चालतं हे कुणालाही वाचता येतं. तिला हुकूम असा द्यायचा:

```
whisper mulakhat.wav --model large-v3 --language mr --word_timestamps True --output_format json
```

यात `--language mr` विसरू नये. ते नसेल तर व्हिस्पर पहिल्या ३० सेकंदांवरून भाषा ठरवते आणि सुरुवातीला कॅमेरामन आणि साउंडवाला हिंदीत बोलत असतील, तर सगळी मुलाखत हिंदीच्या वळणाने लिहिली जाण्याचा धोका असतो. `--word_timestamps True` मुळे प्रत्येक शब्दाची वेळ आणि खात्री अशी नोंद मिळते:

```
{"word": " संप", "start": 1874.32, "end": 1874.70, "probability": 0.91}
```

म्हणजे ३१ व्या मिनिटाला, १४ व्या सेकंदाच्या पुढे-मागे ‘संप’ हा शब्द आला आणि त्याची खात्री ०.९१. ही नोंद एक्सेलमध्ये ओतली, एका ओळीत एक शब्द ठेवला आणि कमी आकड्यांना लाल रंग दिला की पहिलं काम झालं. प्रोग्रॅमिंग येणारा कुणी मित्र असेल तर अर्ध्या तासाचं काम.

याच नोंदीत ओळीओळीसाठीही एक आकडा असतो, `avg_logprob` नावाचा. पुष्कळ जण सोपं म्हणून तोच वापरतात. त्यात एक फसगत आहे. व्हिस्पर रेकॉर्डिंग ३० सेकंदांच्या तुकड्यांनी ऐकते आणि हा आकडा त्या अख्ख्या तुकड्याची सरासरी असतो. त्या तुकड्यात पाच ओळी असतील तर पाचही ओळींसमोर तोच आकडा छापला जातो. चार ओळी स्वच्छ आणि एक बरबटलेली असली, तरी पाचही सारख्याच दिसतात. म्हणून शब्दाचाच आकडा धरावा.

आता नमुन्यादाखल एक मुलाखत डोळ्यासमोर आणू. लालबागच्या चाळीतली खोली, वर पंखा, समोर पंचाहत्तरीचे एक निवृत्त गिरणी कामगार. विषय १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला, डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखालचा संप. मुलाखत ९२ मिनिटांची. आजोबांच्या शर्टाला कॉलर माइक आहे. आजी आत ओट्याशी आहेत, त्यांना माइक नाही, पण मधूनमधून त्या आतूनच बोलतात. अशा घरात हे व्हायचंच.

ट्रान्सक्रिप्टमध्ये ४७ व्या मिनिटाला एक ओळ येते: ‘मंगळवार सुद्धा गाणं टाकलं मी, यांना सांगितलं होतं.’ वाचणारा इथे थांबत नाही. कसलं तरी गाणं, कसला तरी मंगळवार; आजोबांचं कुठेतरी भरकटलं असेल, असं म्हणून पान उलटतो. एक्सेलच्या पानावर मात्र ही ओळ डोळ्यांत भरते. ‘मंगळवार’ ०.४१, ‘सुद्धा’ ०.३३, ‘गाणं’ ०.५२, ‘टाकलं’ ०.८९, ‘होतं’ ०.४६. एकच शब्द लाल असता तर सोडून दिलं असतं, पण इथे ओळीतले बहुतेक शब्द पडलेले आहेत. हेडफोन लावून ऐकलं की आतून आजींचा आवाज येतो: ‘मंगळसूत्र गहाण टाकलं मी, यांना सांगितलंच नव्हतं.’ त्यावर आजोबा गप्प होतात. त्या मुलाखतीतला याहून चांगला तुकडा कुठला असेल? आणि ट्रान्सक्रिप्टमध्ये ‘मंगळसूत्र’ शोधा, ‘गहाण’ शोधा, काहीही सापडणार नाही.

कमी आकड्याचा पट्टा गाळू नये, आधी ऐकावा, असं मी म्हणतो ते यासाठी. काही ठिकाणी याच्या उलट वहिवाट दिसते: खात्री कमी असलेल्या ओळी आधीच उडवायच्या आणि उरलेल्या ‘स्वच्छ’ ट्रान्सक्रिप्टमधून क्लिपा निवडायच्या. असं केलं की हाती मुलाखतीतला सगळ्यात घोटीव, पाठ केल्यासारखा भाग उरतो. माणूस पूर्वी दहादा सांगून झालेलं जे सांगतो, ते फार स्पष्ट बोलतो.

तरी हा आकडा म्हणजे नक्की काय, हे समजून घेतलं नाही तर तो दिशाभूलही करतो. ०.९१ म्हणजे शब्द बरोबर असण्याची शक्यता ९१ टक्के, असा आपण अर्थ लावतो. तसं ते नाही. आवाज ऐकून आणि आधी लिहिलेला मजकूर पाहून पुढे काय यावं, याबद्दल यंत्राची स्वतःची खात्री किती, एवढंच तो सांगतो. वर्गात एखादा मुलगा चुकीचं उत्तरही इतकं ठणकावून देतो की बाईंनाच क्षणभर शंका यावी. या यंत्राचा स्वभाव बराचसा तसा आहे.

मराठीच्या बाबतीत आणखी एक खास भानगड आहे. व्हिस्पर शब्द अख्खा लिहीत नाही, बारीक तुकड्यांनी लिहिते. देवनागरीतलं एकेक अक्षर, काना, मात्रा संगणकात तीन बाइटमध्ये साठवलं जातं आणि त्यातला पहिला बाइट साऱ्या देवनागरीला सारखाच असतो, तर दुसऱ्याला दोनच पर्याय असतात. बराचसा फरक तिसऱ्यात असतो. म्हणजे देवनागरी लिहायची हे एकदा ठरलं की पहिला ओळखणं हा अंदाजच नव्हे, तो येणारच. प्रणाली तिथे जवळपास १ एवढी खात्री नोंदवते. आणि शब्दाचा आकडा काढताना व्हिस्पर त्यातल्या तुकड्यांच्या खात्रीची साधी सरासरी घेते. समजा एखादा शब्द सहा तुकड्यांत मोडला. पाच तुकड्यांची खात्री ०.९५ आणि ज्या तुकड्यावर शब्दाचा अर्थ अवलंबून आहे त्याची ०.२. सरासरी येते ०.८२ च्या वर. शब्द चुकला आहे, यंत्रालाही मनातून शंका आहे, पण फुकटच्या बाइटांनी आकडा फुगवून ठेवला. इंग्रजीत नेहमीचे शब्द बहुतेकदा एकाच तुकड्यात येतात, त्यामुळे तिथे ही सूज नसते. म्हणून इंग्रजी पॉडकास्टवाल्यांनी ०.५ किंवा ०.६ ची रेघ सुचवली असेल तर ती मराठीला जशीच्या तशी लावू नये. आपली रेघ त्यांच्या वरच असणार.

किती वर, ते ज्याच्या त्याच्या रेकॉर्डिंगवर ठरतं आणि ते शोधायची रीत सोपी आहे. मुलाखतीतून वेगवेगळ्या ठिकाणचे दोन-दोन मिनिटांचे पाच तुकडे घ्यायचे. एक सुरुवातीचा, एक शेवटचा, एक जिथे आजी बोलतात तिथला. ही दहा मिनिटं नीट ऐकून चुकलेल्या शब्दांपुढे फुली मारायची. दहा मिनिटांत हजारेक शब्द होतात. मग शब्द आकड्यांनुसार लावायचे आणि कुठल्या पट्टीत किती फुल्या पडल्या ते मोजायचं. समजा ०.९ च्या वर शंभरात तीन चुकले, ०.८ ते ०.९ मध्ये शंभरात पंधरा आणि ०.८ च्या खाली निम्मे. रेघ ०.८ वर मारावी हे तुमचे तुम्हालाच दिसेल. अर्थात पंख्याच्या खोलीतली रेघ स्टुडिओतल्या रेकॉर्डिंगला लागू पडणार नाही.

रेघ ठरवताना हाताशी वेळ किती आहे, हेही बघावंच लागतं. ९२ मिनिटांपैकी ऐकायला अर्धा तासच मिळणार असेल आणि रेघेखालचे पट्टे मिळून पन्नास मिनिटं भरत असतील, तर त्या रेघेचा काय उपयोग? ती खाली सरकवावी. खालचे पट्टे आधी ऐकले जातील आणि वरचे सुटतील, पण निदान काय सुटलं हे माहीत असेल.

शब्दांवरून पट्टा कसा काढायचा? एकटादुकटा लाल शब्द दुर्लक्षावा. बोलताना ‘तर’, ‘ना’, ‘की’, ‘म्हणजे’ आपण गिळतोच, त्यांचे आकडे कायम पडलेले असतात. शिवाय मराठीत एकच शब्द दोन तऱ्हांनी लिहिता येतो. ‘गेलेलं’ लिहावं की ‘गेलेले’, ‘नाही’ की ‘नाय’, यात प्रणालीची खात्री दोन्हींकडे वाटली जाते आणि ऐकण्यात काहीही चूक नसताना आकडा खाली येतो. म्हणून दहा सेकंदांची खिडकी घेऊन ती पानभर सरकवत न्यावी आणि खिडकीतले एक तृतीयांशाहून जास्त शब्द रेघेखाली गेले तर तो भाग लाल धरावा. दोन लाल भागांमध्ये तीनेक सेकंदांचंच अंतर असेल तर ते जोडून टाकावेत, आणि पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन सेकंद जास्त घ्यावीत. नाहीतर ऐकायला बसल्यावर वाक्य मधूनच सुरू होतं आणि काहीच उमगत नाही. एक तृतीयांश, दहा सेकंद हे आकडे काही दगडावरची रेघ नव्हेत. हात बसला की आपापले बदलतात.

इथवर झालं ते आकडा पडलेल्या जागांचं. आकडा पडत नाही आणि तरीही मजकूर खोटा असतो, अशाही जागा आहेत.

आजोबा जुना फोटो आणायला उठतात. चाळीस सेकंद खोलीत फक्त पंखा. ट्रान्सक्रिप्टमध्ये मात्र तिथे ‘आणि मग आम्ही गेलो, आणि मग आम्ही गेलो’ असं सात-आठ वेळा लिहिलेलं दिसतं, खात्री ०.९५ च्या पुढे. एकदा वाक्य फिरून आलं की पुढच्या वेळी तेच येणार याची यंत्राला आणखी खात्री वाटते आणि आकडा चढतच जातो. व्हिस्परला शांतता ओळखायची वेगळी सोय आहे. तुकड्यात कुणी बोलतच नाही याची शक्यता ०.६ च्या वर गेली तर तो तुकडा सोडून द्यायचा, असा नियम तिच्यात आहे. पण त्याला एक पोटनियम जोडलेला आहे: लिहिलेल्या मजकुराची सरासरी खात्रीही फार खाली असेल तरच सोडायचा. पंख्याच्या घरघरीतून जे वाक्य ठामपणे रचलं गेलं, ते या चाळणीतून सहीसलामत पार होतं. कॉर्नेल विद्यापीठातल्या ॲलिसन कोनेके आणि सहकाऱ्यांनी २०२४ मध्ये व्हिस्परचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा तपासलेल्या सुमारे १ टक्का तुकड्यांत मुळात न बोललेली अख्खी वाक्यं सापडली. आणि ज्यांच्या बोलण्यात लांब थांबे होते, त्यांच्या वाट्याला ती जास्त आली होती. वृद्ध माणसांच्या मुलाखतीत थांबे किती असतात, ते वेगळं सांगायला नको.

पुनरावृत्ती पकडायला नोंदीत `compression_ratio` असतो. मजकूर दाबून किती लहान होतो, यावरून तो निघतो; तेच तेच शब्द असले की मजकूर जास्त दबतो आणि आकडा वाढतो. २.४ च्या पुढे गेला तर व्हिस्पर स्वतःच तो तुकडा पुन्हा लिहून बघते. पण मघाचेच सारखे बाइट इथेही आडवे येतात. देवनागरी मजकूर मुळातच जास्त दबतो, त्यामुळे मराठीत चांगल्या मजकुराचाही आकडा चढा असतो. २.४ वर आंधळेपणाने विसंबण्यापेक्षा सलग तीनदा तेच शब्द आले का, एवढं पाहिलं तरी पुरतं.

त्यापेक्षा मला `temperature` ही नोंद जास्त उपयोगी वाटते आणि ती फारसं कुणी बघत नाही. पहिल्या प्रयत्नात मजकूर नीट जमला तर तिथे ० असतो. सरासरी खात्री ठरलेल्या मर्यादेच्या खाली गेली किंवा मजकूर फार फिरून आला, तर व्हिस्पर तोच तुकडा पुन्हा लिहिते आणि प्रत्येक नव्या प्रयत्नात ०.२ ने जास्त सैल होत जाते. म्हणजे ०.६ किंवा ०.८ दिसलं की समजावं, इथे प्रणाली तीन-चारदा अडखळली आणि शेवटी जे जमलं ते देऊन मोकळी झाली. तो पट्टा शब्दांचे आकडे कितीही गोरेगोमटे असोत, ऐकलाच पाहिजे.

आणि सगळ्यात वाईट जागा ती, जिथे शब्द लिहिलाच गेला नाही. खात्रीचा आकडा लिहिलेल्या शब्दालाच असतो. सुटलेल्या शब्दाला कुठून येणार? मराठीत हे फार जड जातं, कारण आपला नकार बहुतेक वेळा वाक्याच्या शेपटीला असतो आणि बोलताना तीच शेपटी आपण गिळतो. ३१ व्या मिनिटाला लिहिलं आहे: ‘संप फुटला म्हणाले, तरी आम्ही कामावर गेलो.’ ‘गेलो’ची खात्री ०.८८. लाल नाही, पिवळंही नाही. आजोबा म्हणाले होते: ‘गेलोच नाय.’ ‘नाय’ श्वासाबरोबर विरून गेला. हा तुकडा असाच सबटायटल लावून बाहेर पडला, तर वर्षभराहून जास्त काळ घरी बसलेला माणूस लोकांच्या नजरेत संप फोडणारा ठरेल. लालबागमध्ये याचा अर्थ काय होतो ते कुणालाही विचारा.

सुटलेला शब्द वेळेवरून ओळखता येतो. ‘गेलो’ उच्चारायला अर्धा सेकंदही लागत नाही. नोंदीत त्याची सुरुवात १८७८.१० आणि शेवट १८७९.३० असा दिसतो, म्हणजे १.२ सेकंद. एवढासा शब्द एवढा लांब का ताणला गेला? किंवा तो वेळेत संपतो, पण पुढच्या शब्दाआधी सव्वा सेकंदाची पोकळी असते. दोन्ही खुणा एकच सांगतात: इथे आवाज आहे आणि त्याला शब्द नाही. एक्सेलमध्ये शेवटातून सुरुवात वजा करणारा एक रकाना आणि पोकळीचा दुसरा, एवढं टाकलं की सेकंदापेक्षा लांब शब्द आणि लांब पोकळ्या वेगळ्या काढता येतात. त्यातल्या बऱ्याच जागी नुसता उसासा निघेल, कुठे कप ठेवल्याचा आवाज असेल. ते ऐकायला दोन-दोन सेकंद लागतात, घालवावेत. दहा सेकंदांच्या खिडकीत एकूण तीन-चारच शब्द असतील, तर तीही अशीच तपासावी.

आणि काही शब्द असे, की त्यांच्याबाबत आकड्याचा विचारच करू नये. निवडलेल्या तुकड्यात नकार असेल, कुणाचं नाव असेल किंवा संख्या असेल, तर ती ऐकूनच पुढे जायचं. ‘एकोणसाठ’ आणि ‘एकोणसत्तर’, ‘साठ’ आणि ‘सात’, ‘दीडशे’ आणि ‘अडीचशे’ हे कागदावर सारख्याच आत्मविश्वासाने येतात. आजोबांचा पगार किती होता आणि घराचं भाडं किती थकलं होतं, यावरच अख्खी क्लिप उभी असते.

तुकडा कुठे कापायचा हेही यातच येतं. शब्दाची वेळ आणि शब्द, दोन्ही एकाच अंदाजातून आलेले असतात. शब्द डळमळीत असला की त्याची वेळही हललेली असते. तुकड्याचा पहिला किंवा शेवटचा शब्द लाल असेल तर ट्रान्सक्रिप्टच्या वेळेवर कात्री चालवू नये, दोन्हीकडे अर्धा-पाऊण सेकंद सोडून मग कानाने कापावं. शेवटाकडे जास्तच सोडावं. ‘नाय’ तिथेच असतो.

दुसरी एक तपासणी महाग वाटते, पण पुष्कळदा आकड्यांपेक्षा खरी निघते. तेच रेकॉर्डिंग वेगळ्या घडणीच्या प्रणालीकडून पुन्हा लिहून घ्यायचं. आयआयटी मद्रासमधल्या एआयफोरभारत या गटाने भारतीय भाषांसाठी बनवलेल्या प्रणाली खुल्या आहेत आणि त्यांत मराठी आहे. दोन्ही मजकूर शेजारी ठेवले की जिथे ते जुळत नाहीत ते पट्टे आपोआप वर येतात. मंगळसूत्राच्या ठिकाणी दुसरी प्रणालीही चुकेल कदाचित, पण ‘मंगळवार सुद्धा गाणं’ असं अगदी तेच चुकेल, याची शक्यता कमी. पंख्याच्या आवाजातून दोघी तेच वाक्य रचतील, हे तर जवळपास अशक्य. मात्र गावच्या बोलीतलं ‘व्हतं’ दोघीही बिनधास्त ‘होतं’ करून टाकू शकतात, तिथे ही तपासणी आंधळी आहे. तुकडा शोधायला त्याने बिघडत नाही. सबटायटल लिहिताना आजोबांचा शब्द त्यांच्याच तोंडचा ठेवायचा की नाही, हे तिथे बसलेल्या माणसाने ठरवायचं.

हे सगळं एकदा मांडलं की एडिटरकडे ट्रान्सक्रिप्टबरोबर एक छोटी यादी जाते: पट्ट्याची वेळ, लाल होण्याचं कारण (आकडे पडले, पोकळी, पुनरावृत्ती, पुन्हा पुन्हा प्रयत्न, दोन मजकूर जुळत नाहीत) आणि ऐकल्यावर निघालेलं खरं वाक्य. कारण लिहावंच. ‘पोकळी’ असं लिहिलेलं असेल तर एडिटर वाक्याच्या शेवटाकडे कान देतो. ‘आकडे पडले’ असेल तर मागे दुसरा आवाज आहे का ते बघतो. अशा तीन-चार मुलाखती झाल्या की कारणांच्या रकान्यावरूनच रेकॉर्डिंगचे दोष कळायला लागतात. लालबागच्या त्या घरात निम्मे लाल पट्टे आजी बोलतात तिथे असतील, तर पुढच्या वेळी दुसरा माइक ओट्याजवळ लावावा, त्याचा आवाज वेगळ्या ट्रॅकवर घ्यावा आणि दोन्ही ट्रॅक वेगवेगळे लिहून घ्यावेत.

यादीच्या डोक्यावर प्रणालीचं नाव आणि आवृत्ती लिहून ठेवावी आणि मूळ `json` फाइल फुटेजसोबत जपावी. आवृत्ती बदलली की आकड्यांची चाल बदलते. `large-v2` वर बसवलेली ०.८ ची रेघ `large-v3` वर तशीच चालेल असं धरता येत नाही. दहा मिनिटांचं फुल्या मारण्याचं काम तेव्हा नव्याने करावं लागतं.